बोअरचं पाणी आणि कॉफीची गेलेली चव: नांदेड-लातूरची गोष्ट

ऑडिओत मी बरंच भरभर बोललो होतो, त्यामुळे आकडे आणि कृती इथे जरा सावकाश लिहितोय. कॉफी न पिणाऱ्यांनीही वाचा, कारण गोष्ट मुळात आपल्या पाण्याची आहे.

सुरुवात घरापासून. दिवाळीला पुण्याहून नांदेडला जाताना मी चिकमगळूरच्या बियांचं पाव किलोचं पाकीट, हातानं फिरवायचा ग्राइंडर आणि छोटा वजनकाटा बॅगेत टाकला. रोजचं माप ठरलेलं: १५ ग्रॅम कॉफी, २५० मिली पाणी, कागदी फिल्टर, वर दूध नाही. पुण्यात या कॉफीला संत्र्यासारखा हलका आंबटपणा आणि मागून गुळासारखा गोडवा यायचा. नांदेडला पहिला घोट घेतला आणि वाटलं, बिया शिळ्या झाल्या की काय. आंबटपणा गायब, गोडवा गायब, जिभेवर खडू चाटल्यासारखं काहीतरी. दळण बारीक केलं तर वर कडूपणा आला, बाकी काहीच सुधारलं नाही.

आजी बाजूला बसून हा सगळा खटाटोप बघत होती. ती म्हणाली, "अरे, ह्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ धड शिजत न्हाई, तुझी कापी काय होणार?"

आजी बरोबर होती. का बरोबर होती, हे कळायला मला तिच्या तरुणपणापर्यंत मागे जावं लागलं.

आड ते बोअर

नांदेड शहर आणि लातूर बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर वसलेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून तो तयार झाला. पण पुणंही याच दगडावर आहे. मग पुण्याचं पाणी हलकं आणि आमचं जड, असं का?

फरक दगडापेक्षा वेळेचा आहे. पुण्याच्या नळाला खडकवासल्याचं पाणी येतं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस डोंगरावरून वाहत धरणात येतो आणि तिथून नळाला. दगडाशी त्याची फार ओळखच होत नाही. बोअरचं पाणी मात्र आधी मातीतून मुरतं. मातीतला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होतं. मग ते मुरमातून, खडकाच्या भेगांतून वर्षानुवर्षं झिरपत राहतं. वाटेत दगडातलं आणि काळ्या मातीतल्या चुनखडीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं, आणि त्यांच्या जोडीला बायकार्बोनेटही पाण्यात येतं. हे तिसरं नाव लक्षात ठेवा, कारण कॉफीचा खरा गुन्हेगार तोच आहे.

आजीच्या लहानपणी गावात आड होता. आड उथळ असतो. दर पावसाळ्यात त्यात नवं पाणी येतं, त्यामुळे ते बऱ्याचदा त्यामानानं हलकं असतं. आमच्याकडे त्याला 'गोडं पाणी' म्हणतात. मग १९७२चा दुष्काळ आला. आड आणि विहिरी तळाला गेल्या आणि महाराष्ट्रभर खडक फोडून खोल जाणारी ड्रिलिंग मशिनं फिरू लागली. या कथेत मराठवाड्याचा स्वतःचा वाटा आहे. खडकातल्या बोअरवर टिकेल असा हातपंप बनवायचं काम जालन्यात मिशनच्या लोकांनी केलं होतं, त्याला 'जालना पंप' म्हणत. सोलापुरात तो सुधारला गेला आणि 'सोलापूर पंप' झाला. त्याच घडणीवरून सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या मदतीनं 'इंडिया मार्क टू' तयार झाला. तुम्ही गावात ज्याला हापसा म्हणता, तो बहुधा हाच.

हापशानं माणसं आणि जनावरं जगवली, यात वाद नाही. पण त्याचबरोबर घराघरात खोलवरचं, दगडात मुरलेलं पाणी आलं. आजी सांगते, हापसा आला तेव्हा बायका धुण्याभांड्याला हापशाचं पाणी वापरत, आणि डाळ शिजवायला मात्र आडाचं आणत. तिला रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण निरीक्षण पक्कं होतं. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशी धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट बांधतं, म्हणून डाळ गळत नाही.

एकाच शहरात चार पाणी

लातूरचं २०१६ तुम्हाला आठवत असेल. मांजरा धरण आटलं होतं, पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली: १० वॅगन, सुमारे ५ लाख लिटर. पुढे ५० वॅगनच्या गाड्या आल्या, एका खेपेला साधारण २५ लाख लिटर. ते पाणी कृष्णेचं होतं.

आता चवीच्या नजरेनं बघा. एरवी मांजरेचं पाणी पिणारं शहर त्या उन्हाळ्यात एका आठवड्यात कृष्णेचं, दुसऱ्या आठवड्यात कुठल्यातरी बोअरवरून भरलेल्या टँकरचं, आणि मधल्या दिवसांत जारचं पाणी पीत होतं. जार म्हणजे आरओ केलेलं पाणी, ज्यात जवळपास काहीच उरलेलं नसतं. चारही पाणी पारदर्शक, चारहींचा चहा वेगळा. नांदेडलाही लहान प्रमाणात हेच होतं. नळाला विष्णुपुरीचं, म्हणजे गोदावरीचं पाणी येतं आणि ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी कॉलनीचा बोअर सुरू होतो. आमच्या घरी दोन्ही एकाच टाकीत पडतं.

म्हणून 'नांदेडचं पाणी जड आहे' हे वाक्य अर्धवट आहे. आज तुमच्या टाकीत कोणतं पाणी आहे, हा खरा प्रश्न.

साबणापासून थेंबांपर्यंत

पाण्याचा जडपणा मोजायची जुनी पद्धत साबणाची आहे. १८४१ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी पाणी हलकं करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पाणी किती जड आहे हे ते साबणाच्या द्रावणानं मोजत: फेस टिकेपर्यंत जितकं द्रावण लागेल, तितकं पाणी जड. शाळेत आपण 'दुष्फेन' शब्द शिकलो, तो अगदी नेमका आहे. ज्यात फेस मुश्किलीनं येतो ते दुष्फेन.

आजही घरी हे करता येतं. एका बाटलीत जारचं पाणी, दुसरीत नळाचं, दोन्ही अर्ध्यापर्यंत. दोन्हींत साध्या साबणाच्या किसाचं द्रावण सारखंच, चारपाच थेंब टाका आणि हलवा. शाम्पू किंवा भांड्याचं लिक्विड घेऊ नका, ते जड पाण्यातही फेसतं. जड पाण्यात फेस बसतो आणि वर पांढरट साय येते.

आकडा हवा असेल तर थेंबांची हार्डनेस टेस्ट किट मिळते. नमुन्यात रंग टाकायचा, पाणी वाइनसारखं लाल होतं. मग थेंब मोजत दुसरं द्रावण टाकायचं. लालचा निळा झाला की थांबायचं आणि थेंबांवरून आकडा काढायचा. अशीच वेगळी किट अल्कलिनिटीची असते. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल मारायची ताकद, आणि आपल्या पाण्यात ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते. कॉफीसाठी एकच घ्यायची असेल तर ही घ्या.

आणि तो पेनासारखा टीडीएस मीटर? तो पाण्यातून वीज किती वाहते ते बघून सगळ्या क्षारांचा एकत्र अंदाज देतो. त्यातलं किती कॅल्शियम, किती मीठ, किती बायकार्बोनेट, हे त्याला कळत नाही. फार तर 'आज टाकीत नळाचं आहे की बोअरचं' एवढं ओळखायला कामाचा.

आमच्या बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी मला लिटरला ३००च्या आसपास मिळाली (ही मिलिग्रॅममध्ये, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबानं मोजतात). पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरं पाणी नसेल तर ६००पर्यंत चालतं. म्हणजे आमचं पाणी 'दुसरं नसेल तर' गटात मोडतं. कॉफीवाल्यांच्या जागतिक संघटनेनं सुचवलेला आकडा मात्र ४०च्या आसपास आहे. म्हणजे आम्ही सातपट पुढे.

बायकार्बोनेट कॉफीला काय करतं

२०१४ मध्ये इंग्लंडच्या बाथ शहरातला कॅफेचालक मॅक्सवेल कोलोना-डॅशवूड आणि तिथल्याच विद्यापीठातला रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन यांनी यावर शोधनिबंध लिहिला. बाथचं पाणीही जड आहे. त्यांनी संगणकावर गणित केलं की पाण्यातले कोणते घटक कॉफीतल्या चवीच्या रेणूंना किती घट्ट धरतात. उत्तर गमतीशीर होतं. कॅल्शियम आणि विशेषतः मॅग्नेशियम कॉफीचे शत्रू नाहीत, उलट चव ओढून काढायला मदत करतात. घात करतं ते बायकार्बोनेट.

कारण सोपं आहे. कॉफीत सायट्रिक, मॅलिक अशी आम्लं असतात. फळासारखी ताजी चव त्यांच्याच जिवावर. बायकार्बोनेट आम्लाला भेटलं की ते मारतं, आपण अ‍ॅसिडिटीवर सोडा घेतो तसंच.

पटत नसेल तर चांगल्या, हलक्या पाण्यात काळी कॉफी करा, दोन कपांत ओता आणि एकात खाण्याच्या सोड्याची अगदी बारीक चिमूट टाका. ३०० अल्कलिनिटी म्हणजे लिटरला साधारण अर्धा ग्रॅम सोडा. २५० मिलीच्या कपाला एक अष्टमांश ग्रॅम, चमच्याच्या चाळिसाव्या भागाएवढा. तेवढ्यानं कॉफी सपाट होते. मी केलं आणि आमच्या नांदेडच्या कपाची चव तंतोतंत समोर आली.

यातून एक मर्यादाही कळते. दूध, साखर आणि इन्स्टंट पावडर घालून उकळलेल्या कॉफीत हा फरक फारसा लागत नाही, कारण तिथे नाजूक आंबटपणा नसतोच. चिकोरी घातलेल्या, कडक भाजलेल्या फिल्टर कॉफीलाही कमी त्रास होतो. सगळ्यात जास्त मार हलक्या भाजलेल्या, काळ्या कॉफीला. आणि कोऱ्या चहावर जो चकचकीत तवंग येतो, तोही याच पाण्याचा.

काय केलं आणि काय चाललं नाही

आधी चुका. मी पहिल्यांदा पाणी कॅंडलच्या फिल्टरमधून गाळलं. काहीच फरक नाही. कॅंडल गाळ आणि जंतू अडवते, कार्बन क्लोरीनचा वास काढतो. पण विरघळलेलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्हींतून सरळ निघून जातं. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर कार्बन नक्की वापरा, पण जडपणावर तो इलाज नाही.

दुसरी चूक शेजारच्या अपार्टमेंटमधल्या सॉफ्टनरची, ज्यात मिठाच्या गोण्या टाकतात. त्या पाण्याला साबण छान फेसतो, म्हणून मी बाटली भरून आणली. कॉफी आणखी वाईट झाली, वर फिल्टरमधून उतरायलाही जास्त वेळ लागला. कारण हा सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम देतो. बायकार्बोनेटला हातच लावत नाही. म्हणजे उपयोगाचं गेलं आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी उरलं.

मग आरओ. नुसत्या आरओच्या पाण्यात कॉफी पातळ आणि टोचणारी आंबट लागली, कारण आता चव ओढायला काही नाही आणि आंबटपणाला लगाम घालायलाही काही नाही. म्हणून मिश्रण. आमच्या आरओच्या पाण्याची अल्कलिनिटी २०च्या आसपास होती. ९०० मिली आरओ आणि १०० मिली बोअर घेतलं: १८ अधिक ३०, म्हणजे ४८. कॉफी पुण्यासारखी लागली. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशोब हाच.

पण इथे मी अडकलो. घरचा साधा आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर सोडतो. ज्या भागात पाणी रेल्वेनं आणावं लागलं, तिथे कॉफीसाठी हे करताना हात आखडतो. आजीनं ते सोडलेलं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला आणि संडासात वापरायला लावलं. झाडांना घालताना मात्र जपा, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

तिनंच दुसरी वाट दाखवली: उकळ आणि निवळ. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा उष्णतेनं मोडतो. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुना-खडूसारखा पांढरा पदार्थ, खाली बसतो. किटलीच्या तळाशी जो पांढरा थर साचतो तो हाच. कृती अशी:

दोन लिटर पाणी उघड्या पातेल्यात दहा मिनिटं खळखळून उकळा. झाकून रात्रभर ठेवा. सकाळी पातेलं न हलवता वरचं पाणी अलगद ओतून घ्या, तळाचं दोन बोटं पाणी भांड्यांना वापरा. हवं तर स्वच्छ सुती कापडातून गाळा. निवळू देणं हाच मुख्य भाग आहे. उकळी आली की लगेच कॉफीवर ओतलं तर चुना कपातच येतो.

आमच्याकडे ३००ची अल्कलिनिटी यानं १३०च्या आसपास आली. त्याखाली गेली नाही, कारण मॅग्नेशियमचा वाटा उकळून तितका सहज बसत नाही. या निवळीचा एक भाग आणि आरओचे दोन भाग घेतले की ५७ येते. म्हणजे कच्च्या बोअरच्या मिश्रणाला लिटरमागे ९०० मिली आरओ लागत होतं, आता सुमारे ६७० मिलीत भागतं. आरओ नसेल तर नुसती निवळीही कच्च्या पाण्यापेक्षा खूप बरी, फक्त थोड्या जास्त भाजलेल्या बिया घ्या.

दोन सूचना. तुमचं पाणी उकळूनही गढूळ होत नसेल, तळाशी काही बसत नसेल, तर जडपणा सल्फेट-क्लोराइडचा असू शकतो आणि तो उकळून जात नाही. पाणी जिभेला खारट लागत असेल तरी उकळण्याचा उपयोग नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं: नायट्रेट आणि फ्लोराइड उकळून जात नाहीत, पाणी आटल्यानं उलट वाढतात. बोअर पिण्यालायक आहे का, हे चवीवरून ठरवू नका. प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

परत निघायच्या दिवशी सकाळी मी आजीला निवळीची काळी कॉफी दिली. तिनं एक घोट घेतला, "आंबट हाय," म्हणाली आणि कप माझ्याकडे सरकवला. मला मात्र तेच ऐकायचं होतं. उरलेल्या निवळीत तिनं डाळ शिजायला टाकली.

तुमच्या घरी उकळलेल्या पातेल्याच्या तळाशी काय बसतं, ते बघून सांगा. गाव आणि पाणी कुठलं, बोअर, नळ की टँकर, तेही लिहा. भेटू पुढच्या भागात.